लग्नाच्या वाढदिवसाचे थट्टेचे कार्ड : बायकोला लागू नये असे कसे लिहावे?

प्रश्न : येत्या डिसेंबरात आमच्या लग्नाला दहा वर्षे होतील. बायकोला तिच्या सवयींची थट्टा करणारे कार्ड द्यायचे आहे. तिला ते लागायला नको आणि फार गोडगोडही नको. घरातून निघताना ती कुलूप तीनदा ओढून बघते, बाजारात प्रत्येक भाजीवाल्याकडून फुकटचा सांबार, म्हणजे कोथिंबीर, घेते आणि माहेरी फोन लावला की तास जातो. आम्ही नागपूरला राहतो. कसे लिहू?

उत्तर :

डिसेंबर आणि नागपूर या दोन्ही गोष्टी तुमच्या हाती आयत्याच आहेत, तेव्हा कार्ड विधिमंडळाच्या तारांकित प्रश्नाच्या स्वरूपात लिहावे असे मी सुचवेन. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचे एक अधिवेशन आपल्या गावी भरते, आणि त्या दिवसांत आमच्यासारख्या कार्यालयांतून रात्री उशिरापर्यंत प्रश्नांची उत्तरे तयार होत असतात. माझी बरीचशी नोकरी त्या कामात गेली, त्यामुळे हा साचा मला पाठ आहे. तो थट्टेला इतका सोयीचा आहे की तो मुद्दाम त्यासाठीच घडवला असावा, अशी शंका येते.

साचा असा असतो. प्रश्नाच्या क्रमांकाआधी तारा छापलेली असते. त्याखाली ठळक अक्षरांत विषय येतो आणि तो बहुधा ‘बाबत’ या शब्दावर संपतो. मग क्रमाने पोटप्रश्न येतात : अमुक गोष्ट घडली, हे खरे आहे काय, असल्यास, त्याबाबत कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? खाली उत्तर असते आणि त्याची भाषा ठरलेली असते : ‘हे खरे आहे’, ‘हे अंशतः खरे आहे’, ‘माहिती गोळा करण्यात येत आहे’, ‘प्रश्न उद्भवत नाही’. या शब्दांना कसलाही चेहरा नसतो, आणि तुम्हाला नेमके तेच हवे आहे. वर आरोप आणि खाली कोरडे उत्तर एवढेच कागदावर दिसते. माया उत्तरातल्या तपशिलात असते आणि ती वाचणाऱ्या व्यक्तीलाच सापडते. शाळेत आपण व्याजस्तुती नावाचा अलंकार शिकलो होतो. वरून निंदा आणि आतून स्तुती हा त्याचाच एक प्रकार होय.

आता तुमच्या कुलपाचा प्रश्न घेऊ. बहुतेक नवरे पहिल्या झटक्यात असे काहीतरी लिहितात : ‘सौ. नेहमी कुलूप पुन्हा पुन्हा ओढून बघतात व सर्वांना उशीर करतात, हे खरे आहे काय?’ हे चालणार नाही. ‘नेहमी’ हा शब्द घराघरांत भांडणात वापरला जातो. तो कार्डात आला की कार्डाला भांडणाचा वास लागतो. शिवाय खरा तारांकित प्रश्न इतका मोघम असत नाही. त्यात ठिकाण लागते, प्रसंग लागतो आणि शक्यतो महिनाही लागतो. तुमच्या कार्डातही तो नेमकेपणा हवा, कारण कोणत्या महिन्यात, कोणत्या गाडीच्या वेळी ती कितव्या पायरीवरून परत फिरली हे तुम्हाला आठवते, यावरूनच तुम्ही तिच्याकडे किती लक्ष देऊन पाहत होता ते तिला कळते. माझा नमुना खाली देतो. प्रसंग तुमचा घाला.

*१०. घरास लावलेले कुलूप वारंवार ओढून पाहण्यात येत असल्याबाबत

(१) माहे मे मध्ये मुंबईस जाण्यासाठी घरातून निघताना दारास लावलेले कुलूप दोन वेळा ओढून पाहण्यात आले व जिना उतरून झाल्यावर तिसऱ्यांदा वर जाऊन ओढून पाहण्यात आले, हे खरे आहे काय;

(२) असल्यास, त्यामुळे विदर्भ एक्स्प्रेस सुटण्याची वेळ आली होती व प्रश्नकर्त्या सदस्यांना दोन बॅगा घेऊन फलाटावर धावावे लागले, हेही खरे आहे काय;

(३) असल्यास, या प्रकरणी संबंधितांवर कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे?

उत्तर : (१) हे खरे आहे. (२) हे अंशतः खरे आहे. सदस्य धावले, तथापि तिसऱ्या फेरीत घरात जाऊन पाहिले असता सदस्यांचा चष्मा, पाकीट व रक्तदाबाच्या गोळ्या जेवणाच्या टेबलावर आढळून आल्या व त्या त्यांच्या बॅगेत ठेवण्यात आल्या. सदस्यांना याची माहिती भुसावळनंतर झाली. (३) प्रश्न उद्भवत नाही.

येथे आरोप तिच्यावर आहे आणि तोंडघशी पडतो तो प्रश्न विचारणारा. हे उलटे झाले, म्हणजे उत्तरातही तिचीच चूक निघाली, तर ते कार्ड राहत नाही, ज्ञापन होते. तपासायची सोपी रीत म्हणजे प्रश्न हाताने झाकून फक्त उत्तरे वाचावीत. उत्तरांत तिने केलेली कामे दिसली, तर मजकूर बरोबर बसला आहे. तिची बाजू सावरण्याचा सूर दिसला किंवा ‘तरीही ती मनाने चांगली आहे’ अशा अर्थाचे काही दिसले, तर तो प्रश्न काढून टाकावा, कारण कोणीही मागितले नसताना दिलेली सूट बायकोला आरोपापेक्षा जास्त टोचते.

दुसरी गोष्ट क्रियापदांची आहे. ‘ओढून पाहण्यात आले’, ‘ठेवण्यात आल्या’ या सरकारी रचनेत करणारा माणूस दिसत नाही. गोळ्या बॅगेत कोणी ठेवल्या हे तुम्ही लिहीत नाही आणि तिला ते सांगावेही लागत नाही. म्हणून शेवटपर्यंत भाषा सोडू नका. मध्येच एखादी बदामाची खूण, शेर किंवा ‘पण माझे तुझ्यावर फार प्रेम आहे’ असे वाक्य आले की सगळा डाव उघडा पडतो. आणखी एक सांगतो : बायकोला गृहमंत्री म्हणण्याची कोटी आता इतकी झिजली आहे की तिच्यावर समोरचा माणूस केवळ सभ्यतेने हसतो. उत्तर देणाऱ्याला नावच देऊ नका.

सांबाराचा प्रश्न लहान ठेवावा. ‘गोकुळपेठ बाजारात पाव किलो वांग्यांच्या खरेदीवर तीन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडून सांबार विनामूल्य घेण्यात आला, हे खरे आहे काय’ एवढा एकच पोटप्रश्न पुरे आहे. त्याचे उत्तर असे देता येईल : ‘हे खरे आहे. सदर सांबार सांबारवडीसाठी वापरण्यात आला. सदस्यांनी एका बैठकीत किती वड्या खाल्ल्या, याबाबतची माहिती गोळा करण्यात येत आहे.’ तुमच्या घरी सांबारवडी होत नसेल तर जे खरोखर होते ते लिहा. या प्रकारच्या लेखनात एक खोटा तपशील आला तरी बाकीचे खरे तपशील खोटे वाटू लागतात.

माहेरच्या फोनचा प्रश्न मात्र वगळा. माहेर, अंगकाठी, स्वयंपाकाची चव, तिचा पगार किंवा तिचा खर्च हे विषय कितीही हळुवारपणे लिहिले तरी कागदावर वेगळेच दिसतात, आणि कागद घरात राहतो. एखादी सवय थट्टेला चालेल की नाही, हे ओळखायचे असेल तर ती सवय ती स्वतः शेजारणीला किंवा बहिणीला हसत सांगते काय, ते आठवून पाहा. कुलपाबद्दल ती बहुधा सांगत असेल. फोनबद्दल सांगत असेल असे मला वाटत नाही. गेल्या वर्षभरात ज्या विषयावर खरी कुरबुर झाली आहे, तोही यंदा नको.

मी माझ्या पत्नीला दिलेल्या कार्डात कांद्याचा प्रश्न होता. आपल्याकडे उन्हाळ्यात घराबाहेर पडताना खिशात कांदा ठेवण्याची पद्धत आहे, आणि ती मी कितीही नाही म्हटले तरी पाळली जाते. प्रश्न असा होता की, माहे मे मध्ये कार्यालयातील बैठक सुरू असताना सदस्यांनी रुमाल काढताच त्यांच्या खिशातून कांदा घरंगळत वरिष्ठांच्या खुर्चीपर्यंत गेला, हे खरे आहे काय? उत्तर होते : ‘हे खरे आहे. त्या महिन्यात सदस्यांना ऊन लागल्याची नोंद नाही.’ कांद्याने ऊन लागत नाही असे वैद्यकशास्त्र म्हणत नाही, आणि उत्तरातही तसा दावा केलेला नाही. तेथे फक्त दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. तिने ते वाचून, ‘वरिष्ठांनी कांदा परत दिला की नाही?’ एवढेच विचारले.

तिच्या या प्रश्नावरून एक सोय सुचते. तारांकित प्रश्नाचे उत्तर सभागृहात तोंडी दिले जाते आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाला फक्त लेखी उत्तर मिळते. म्हणून क्रमांकाआधीची तारा विसरू नका, आणि पानाच्या तळाशी ‘उपप्रश्न’ असे छापून तीन-चार ओळी कोऱ्या सोडा. थट्टा करणाऱ्याने उत्तर द्यायला उभे राहण्याची तयारी ठेवली, तर थट्टा एकतर्फी राहत नाही.

छपाई साधीच करावी. पांढरा कागद, काळी अक्षरे, विषय ठळक, नक्षी नाही, फुले नाहीत. दोनच प्रश्न ठेवा आणि मजकूर एका पानात बसवा; तिसऱ्या प्रश्नापर्यंत वाचणाऱ्याला युक्ती कळलेली असते आणि मग उत्तर आधीच दिसू लागते. सीताबर्डीच्या कोणत्याही टायपिंगच्या दुकानात हे काम अर्ध्या तासात होते, फक्त टंकलेखकाला आधी सांगून ठेवा की ‘सांबार’ दुरुस्त करून ‘कोथिंबीर’ करू नका. सही मात्र शाईने करा. कार्ड पाहुण्यांसमोर वाचून दाखवू नका. सकाळी चहाच्या वेळी ती एकटी असताना हातात द्या. नंतर तिला वाटले तर ती स्वतःच सर्वांना वाचून दाखवील, आणि त्या वेळी कुलपाच्या प्रश्नातले दुसऱ्या क्रमांकाचे उत्तर वाचताना तुम्हाला सर्वांसमोर चष्मा कोठे आहे असे विचारले जाईल, तेव्हा तो जवळ असू द्या.