इन्व्हर्टिंग ऑप-अॅम्पचा गेन: व्हर्च्युअल शॉर्ट नेमका काय सांगतो आणि परीक्षेत कुठे चुकतं

प्रश्न: व्हर्च्युअल शॉर्टमुळे इन्व्हर्टिंग टर्मिनल ग्राउंडला असतो म्हणतात. मग इनपुटचा करंट तिथूनच ग्राउंडला का जात नाही? सूत्र पाठ आहे, पण परीक्षेत सर्किट जरा बदललं की माझा गेन चुकतो.

उत्तर:

व्हर्च्युअल शॉर्ट एवढंच सांगतो की दोन्ही इनपुट टर्मिनलचं व्होल्टेज जवळपास सारखं आहे. त्या दोन टर्मिनलमध्ये करंट जायला रस्ता मात्र कुठेच तयार होत नाही. ऑप-अॅम्पच्या इनपुटला ट्रान्झिस्टर असतात आणि ते फारच थोडा करंट ओढतात; ७४१ मध्ये तो साधारण ८० नॅनोअँपिअर असतो. गणितात आपण तो शून्य धरतो. म्हणजे हाताशी दोन वेगळी वाक्यं आहेत: दोन्ही टर्मिनलचं व्होल्टेज समान, आणि दोन्ही टर्मिनलमध्ये शिरणारा करंट शून्य. प्रत्येक गणितात ही दोन्ही वाक्यं लागतात. बहुतेक जण पहिलं वापरतात आणि दुसरं विसरतात, तिथेच तुमचा ग्राउंडचा प्रश्न उभा राहतो.

एक सर्किट घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. R1 = १० किलोओहम, Rf = १०० किलोओहम, नॉन-इन्व्हर्टिंग टर्मिनल ग्राउंडला, सप्लाय ±१५ व्होल्ट. इनपुटला ०.५ व्होल्ट दिले.

इन्व्हर्टिंग टर्मिनल ० व्होल्टला आहे. R1 च्या एका टोकाला ०.५ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला ०, म्हणून त्यातून ०.०५ मिलीअँपिअर करंट डावीकडून उजवीकडे येतो. जोडबिंदूपाशी पोहोचल्यावर त्याला ऑप-अॅम्पमध्ये शिरता येत नाही. उरलेला रस्ता एकच, Rf. म्हणून तोच ०.०५ मिलीअँपिअर Rf मधून पुढे जातो आणि १०० किलोओहमवर ५ व्होल्टचा ड्रॉप पडतो. करंट ज्या दिशेने जातो त्या दिशेने रेझिस्टरवर व्होल्टेज उतरतं. डावं टोक ० ला आहे, म्हणून उजवं टोक, म्हणजे आउटपुट, −५ व्होल्टला.

```
Iin  = (Vin - 0) / R1
If   = (0 - Vout) / Rf
Iin  = If
Vout / Vin = -Rf / R1 = -10
```

आता तो करंट अखेर जातो कुठे? Rf मधून तो आउटपुट पिनमध्ये शिरतो आणि ऑप-अॅम्पच्या आतल्या आउटपुट ट्रान्झिस्टरमधून निगेटिव्ह सप्लायला जातो. ऑप-अॅम्पच्या आकृतीत सप्लायच्या पिना बहुधा काढलेल्याच नसतात, त्यामुळे हा रस्ता डोळ्यांना दिसत नाही आणि करंट मध्येच नाहीसा झाल्यासारखा वाटतो. एकदा तुम्ही आकृतीत त्या दोन पिना पेन्सिलीने काढून बघा, ही शंका पुन्हा येणार नाही.

वजा चिन्ह चुकण्याचं कारणही वरच्या दुसऱ्या ओळीत आहे. दोन्ही करंट डावीकडून उजवीकडे धरले असतील तर If लिहिताना डाव्या टोकाच्या व्होल्टेजमधून उजव्या टोकाचं वजा करायचं, म्हणून (0 − Vout). पुष्कळ उत्तरपत्रिकांमध्ये तिथे सवयीने Vout / Rf लिहिलेलं असतं आणि गेन +१० येतो. काही जण मग शेवटी आठवणीने वजा चिन्ह लावून टाकतात. उत्तर बरोबर दिसतं, पण पायरी चुकलेली असते आणि तपासणाऱ्याला ती लगेच दिसते. म्हणून आधी आकृतीवर करंटचा बाण काढा आणि समीकरण त्या बाणावरून लिहा.

दोन्ही टर्मिनल सारखे का राहतात, हेही समजून घ्यायला हवं, कारण अवघड प्रश्न सगळे तिथूनच येतात. ऑप-अॅम्पचा स्वतःचा गेन प्रचंड असतो. ७४१ चा साधारण २,००,०००. आउटपुट −५ व्होल्ट मिळवायला त्याला दोन टर्मिनलमध्ये ५ भागिले २,००,०००, म्हणजे फक्त २५ मायक्रोव्होल्टचा फरक लागतो. अर्ध्या व्होल्टच्या इनपुटपुढे २५ मायक्रोव्होल्ट म्हणजे शून्यच. इन्व्हर्टिंग टर्मिनल समजा थोडा वर सरकला, तर आउटपुट खाली जातं आणि Rf मधून त्याला पुन्हा खाली ओढतं. ही ओढ म्हणजेच निगेटिव्ह फीडबॅक. याचा अर्थ व्हर्च्युअल शॉर्ट ऑप-अॅम्पमध्ये आपोआप बसवलेला नसतो. निगेटिव्ह फीडबॅक चालू आहे आणि आउटपुटला हलायला जागा आहे, तोपर्यंतच तो टिकतो.

या दोन अटी मनात ठेवून सॅच्युरेशनचा प्रश्न बघू. त्याच सर्किटला इनपुट २ व्होल्ट दिले आणि प्रश्नात सांगितलं की आउटपुट ±१३ व्होल्टच्या पुढे जाऊ शकत नाही. सूत्राने −२० व्होल्ट येतात. ते शक्य नाही, आउटपुट −१३ वर अडकतं. इथपर्यंत बरेच जण बरोबर येतात. पुढचा उपप्रश्न असतो, ‘इन्व्हर्टिंग टर्मिनलचं व्होल्टेज काढा’, आणि बहुतेक उत्तरं शून्य लिहून मोकळी होतात. पण आउटपुटला खाली जायला जागाच उरली नाही, म्हणजे ओढ संपली आणि व्हर्च्युअल शॉर्टही संपला. आता R1 आणि Rf हा २ व्होल्ट आणि −१३ व्होल्ट यांच्यामध्ये बसलेला साधा व्होल्टेज डिव्हायडर आहे. एकूण फरक १५ व्होल्ट, त्यातला ११० पैकी १० भाग R1 वर, म्हणजे १.३६ व्होल्ट. टर्मिनल २ − १.३६, म्हणजे ०.६४ व्होल्टला.

प्रयोगशाळेतही हीच खूण उपयोगी पडते. आउटपुट अपेक्षेप्रमाणे येत नसेल तर आधी मल्टीमीटर दोन इनपुट पिनांमध्ये लावा. काही मिलिव्होल्टपर्यंत फरक दिसला तर फीडबॅक ठीक चाललाय. अर्धा-एक व्होल्ट दिसला तर आउटपुट अडकलंय, किंवा Rf ची जोडणी सुटली आहे.

दुसरा फसवा प्रकार म्हणजे नॉन-इन्व्हर्टिंग टर्मिनल ग्राउंडला नसणं. समजा तिथे २ व्होल्ट आहेत आणि इनपुट ३ व्होल्ट. इथे −१० × ३ करून −३० लिहायचं आणि सॅच्युरेशन जाहीर करायचं, ही चूक फार होते. व्हर्च्युअल ग्राउंड हा व्हर्च्युअल शॉर्टचा एक खास प्रसंग आहे, नॉन-इन्व्हर्टिंग टर्मिनल ग्राउंडला असतो तेव्हाचा. इथे इन्व्हर्टिंग टर्मिनल २ व्होल्टला बसेल. R1 वर ३ − २, म्हणजे १ व्होल्ट, करंट ०.१ मिलीअँपिअर, Rf वर ड्रॉप १० व्होल्ट, आउटपुट २ − १०, म्हणजे −८ व्होल्ट. ताळा हवा असेल तर सुपरपोझिशनने बघा: −१० × ३ आणि ११ × २ मिळून −८ च येतात. हे ११ म्हणजे नॉन-इन्व्हर्टिंग गेन, 1 + Rf/R1. नॉन-इन्व्हर्टिंग टर्मिनलच्या व्होल्टेजसाठी तो वापरायचा. साध्या इन्व्हर्टिंग सर्किटमध्ये घाईत कुणी −११ लिहितात, ते दोन सूत्रांची सरमिसळ झाल्यामुळे.

मग परीक्षक नको तिथे रेझिस्टर जोडतात. इथे सूत्राचा उपयोग नाही, वरची दोन वाक्यंच कामी येतात. मूळ सर्किटमध्ये इन्व्हर्टिंग टर्मिनलपासून ग्राउंडला ५ किलोओहम जोडला तर? त्याच्या दोन्ही टोकांना ० व्होल्ट, करंट शून्य, आदर्श गणितात गेन −१० च. त्याला R1 शी पॅरलल धरून गेन −३० काढणारे बरेच असतात. नॉन-इन्व्हर्टिंग टर्मिनल आणि ग्राउंड यांच्यामध्ये ९.१ किलोओहम असेल तर? त्यातून करंट जात नाही, म्हणून त्यावर ड्रॉप नाही, टर्मिनल ० लाच, गेन तोच. (तो रेझिस्टर असतो तो बायस करंटमुळे येणारा ऑफसेट कमी करायला, R1 आणि Rf च्या पॅरलल किमतीच्या आसपास घेतात.) आउटपुटला १ किलोओहमचा लोड जोडला तर? इनपुट ०.५ व्होल्ट असताना लोडचे ५ मिलीअँपिअर आउटपुट पिनमध्येच येतात, जोडबिंदूच्या समीकरणात त्यांना जागा नाही. गेन बदलत नाही, फक्त ऑप-अॅम्पला आता एकूण ५.०५ मिलीअँपिअर पेलावे लागतात.

याउलट एक रेझिस्टर असा आहे की जो दिसत नसला तरी धरावाच लागतो: सिग्नल सोर्सचा आतला रेझिस्टन्स. इन्व्हर्टिंग सर्किटचा इनपुट रेझिस्टन्स फक्त R1 एवढाच असतो, कारण त्याचं दुसरं टोक ० व्होल्टला आहे. ऑप-अॅम्पचा इनपुट रेझिस्टन्स मोठा म्हणून सर्किटचाही मोठा असेल, हे इथे लागू पडत नाही. सोर्स २.५ किलोओहमचा असेल तर तो R1 च्या सिरीजमध्ये येतो, एकूण १२.५ किलोओहम, आणि सोर्सच्या ओपन-सर्किट व्होल्टेजपासून मोजलेला गेन −८ होतो.

शेवटी आकृतीतली + आणि − चिन्हं बघा. काही प्रश्नांत मुद्दाम उलटी केलेली असतात: Rf आउटपुटकडून + टर्मिनलला, आणि − टर्मिनल ग्राउंडला. व्हर्च्युअल शॉर्ट धरून समीकरणं मांडली तर कागदावर इथेही −१० च मिळतात, त्यामुळे काही चुकलंय असं वाटतच नाही. पण + टर्मिनल थोडा वर गेला की आउटपुटही वर जातं आणि Rf मधून त्याला आणखी वर ढकलतं. हा पॉझिटिव्ह फीडबॅक आहे, आउटपुट एका सप्लायच्या बाजूला जाऊन चिकटतं आणि सर्किट श्मिट ट्रिगर बनतं. आउटपुट ±१३ ला अडकणारं असेल तर इनपुट +१.३ व्होल्ट ओलांडून वर गेलं की ते +१३ वर उडी मारतं, आणि −१.३ च्या खाली आलं की −१३ वर. अशा प्रश्नात गेन काढायचाच नसतो, हे दोन उंबरठे काढून द्यायचे असतात.