बीटा ब्लॉकर चालू असताना शुगर कमी झालेली कळत का नाही?

प्रश्न: वडिलांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत. आता बीटा ब्लॉकर दिलंय. मेडिकलवाला म्हणाला, शुगर कमी झाली तर आता थरथर, धडधड जाणवणार नाही. असं का होतं? गोळी बंद करावी का?

बंद करू नका. निदान स्वतःच्या मनानं तर मुळीच नको. का ते शेवटी सांगते, आधी माझ्या आबांचं ऐका.

मी सिस्टर आहे, 22 वर्षं वॉर्डात काढली. तरी माझ्याच बापाच्या वेळी दहा मिनिटं फसले. आबा अमळनेर तालुक्यातले, माळकरी, एकादशी कधी चुकली नाही. शुगरची गोळी म्हणजे सकाळी ग्लिमेपिराइड 2 मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन एकत्र. आदल्या वर्षी कार्तिकीला उपास केला आणि गोळीही घेतली. दुपारी हातांना कापरं भरलं, छाती धडधडायला लागली. "माय, काहीतरी दे," म्हणाले, गुळाचा खडा तोंडात टाकला, थोड्या वेळात ठीक. सगळ्या घराला ते लक्षण पाठ झालं: आबा कापायला लागले की गूळ.

पुढे हात थरथरतात म्हणून दादानं त्यांना दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. कपबशी धरली की चहा सांडायचा, तो वयाचा कंप. तिथून प्रोप्रॅनोलॉल 40 मिलिग्रॅम सुरू झालं, सकाळ-संध्याकाळ. हेही बीटा ब्लॉकरच. औषध कंपावर खरंच चांगलं. पण शुगरची फाइल घरी कपाटात राहिली, आणि दादानं ती दाखवली नाही. विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, हे त्याचं आजही उत्तर आहे.

आषाढी एकादशी. मी धुळ्याहून माहेरी आलेली. आबा सकाळी वाडीत सखाराम महाराजांच्या दर्शनाला जाऊन आले, त्याआधी दोन्ही गोळ्या घेतलेल्या, पोटात काळा चहा आणि मूठभर शेंगदाणे. दुपारी अडीचच्या सुमाराला ओट्यावर बसून चष्मा पुसत होते. पुसायचा, डोळ्याला लावायचा, काढायचा, परत पुसायचा. उपरणं घामानं ओलं, त्यानंच पुसत होते, म्हणजे काच आणखीच माखत होती. वहिनीनं विचारलं तर तिच्यावर खेकसले. आबा सुनेवर कधी आवाज चढवत नाहीत. "माले काय व्हयनं? काहीच नही व्हयनं," आणि जीभ जड. समोरच्या ओट्यावरून चुलत काका हसत म्हणाले, "एकादशीलाच घेतली का काय?" तुळशीची माळ घातलेल्या माणसाला! ते मी अजून विसरलेले नाही.

दादा म्हणाला, उकाडा आहे, उपास आहे, झोपू द्या. मीही हात पाहिले: दगडासारखे स्थिर. नाडी मोजली: 66. मलाही वाटलं, शुगर नसावी. मग कपाळाला हात लावला तर घाम गारगार. उकाड्याचा घाम असा थंड लागत नाही. पर्समधलं मशीन काढलं: 41.

आता तुमचं "का". शुगर साधारण 70 च्या खाली गेली की शरीर ॲड्रेनलिन सोडतं. ते हृदयावरच्या बीटा-1 कुलपात बसलं की धडधड, स्नायूंमधल्या बीटा-2 मध्ये बसलं की थरथर. बीटा ब्लॉकर त्या कुलपांत आधीच जाऊन बसलेलं असतं. किल्ली येते, पण भोक बुजलेलं. शुगर खालीच जात राहते, फक्त घंटा वाजत नाही. घामाचं मात्र वेगळं आहे. घामाच्या ग्रंथींना मज्जातंतूंचा निरोप ॲसिटिलकोलीनमार्फत जातो, त्याला ही गोळी अडवत नाही. म्हणून घाम येतोच, कधी कधी जास्तच. आणि मेंदूला साखर न मिळाल्यानं जे होतं, म्हणजे गोंधळ, चिडचिड, जड जीभ, पेंग, तेही लपत नाही. पण तोवर माणूस स्वतः गूळ मागण्याच्या अवस्थेत राहिलेला नसतो. चष्मा पुसत बसतो.

प्रोप्रॅनोलॉलचा आणखी एक दोष. यकृतानं साठवलेली साखर बाहेर काढावी यासाठीही ॲड्रेनलिन बीटा-2 च वापरतं. तेही अडल्यामुळे शुगर आपोआप वर यायला वेळ लागतो. मेटोप्रोलॉल, बायसोप्रोलॉल, ॲटेनोलॉल या गोळ्या मुख्यतः हृदयाच्या कुलपावर बसतात. त्यांनी हे कमी होतं. पण धडधड त्या दाबतातच, आणि डोस वाढला की फरक पुसट होत जातो. कार्व्हेडिलॉल मात्र दोन्हीकडे बसतं.

आबांना गिळता येत होतं, म्हणून अर्ध्या ग्लास पाण्यात तीन चमचे साखर. "एकादशी मोडली," म्हणून तोंड फिरवलं, मी अक्षरशः रागावून पाजलं. पंधरा मिनिटांनी 58. पुन्हा तेवढीच साखर. पुढच्या पंधरा मिनिटांनी 84, मग भाकरी-दूध. दादा म्हणाला, झालं, संपलं. संपलेलं नव्हतं. ग्लिमेपिराइडचा अंमल बराच वेळ राहतो. सहा वाजता परत 62. तेव्हा गाडी काढली, दवाखान्यात रात्रभर ग्लुकोजची बाटली. तिथे क्रिएटिनिन 1.7 निघालं. किडनी मंद असली की शुगरची गोळी शरीरात रेंगाळते, हे कोणी तपासलंच नव्हतं.

दादाचं अजून म्हणणं आहे की उपासानं झालं. अरे, कार्तिकीलाही उपासच होता ना? तोच माणूस, तीच शुगरची गोळी, तोच रिकाम्या पोटाचा हट्ट. तेव्हा कापरं भरलं आणि घर सावध झालं, आषाढीला हात स्थिर होते म्हणून तू "झोपू द्या" म्हणालास. शुगर पाडली उपासानं आणि ग्लिमेपिराइडनं, हे मला मान्य. पण लपवली कोणी? झोपू दिलं असतं तर?

तुमच्या वडिलांसाठी पहिली गोष्ट, शुगरची गोळी नेमकी कोणती ते बघा. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर शुगर एवढी खाली सहसा जात नाही, फार घाबरू नका. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड असेल तर दोन्ही फाइली एकाच डॉक्टरसमोर ठेवा, आणि घरात थरथरीची वाट बघू नका. थंड घाम, विचित्र वागणं, जड जीभ दिसली की मशीन लावा. मशीन नसेल तर साखर द्या, मग विचार करा. शुगरसाठी अकार्बोज किंवा व्होग्लिबोज चालू असेल तर मात्र साखर नीट पचत नाही, ग्लुकोज पावडरच हवी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, ते श्वासनळीत जातं. सरळ दवाखाना.

आणि बंद का नको: हृदयाच्या माणसानं बीटा ब्लॉकर एकदम सोडलं तर धडधड आणि बीपी उसळतं, छातीत दुखू शकतं, झटकाही येऊ शकतो. सोडायचंच तर डॉक्टर हळूहळू उतरवतात. हार्ट अटॅकनंतर किंवा हृदय कमजोर असताना ही गोळी जीव वाचवते, तिथे माझी गोष्ट ऐकून घाबरण्यात अर्थ नाही. शिवाय जुन्या शुगरवाल्यांची, ज्यांची शुगर वारंवार पडते त्यांची घंटा गोळीशिवायही मंदावते.

आबांचं प्रोप्रॅनोलॉल उतरवत बंद केलं, ग्लिमेपिराइडही बदललं. हात परत थरथरतात, बशीत चहा सांडतो. वहिनीनं त्यांना कान असलेला मोठा मग आणून दिलाय, अर्धाच भरून देते. काकांनी माफी मागितलेली नाही.