दोन महिने घर बंद ठेवताना

बेटा,

अनेक आशीर्वाद. तुझा निरोप मिळाला. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन ताईकडे पुण्याला जायचं आणि तिचं बाळंतपण आटोपून जुलैच्या मध्यात परतायचं, म्हणजे घर दोन महिने बंद. चार दिवस लग्नाला जाणं वेगळं. तू जळगावच्या 45 अंशांत कुलूप लावणार आणि उघडणार भर पावसाळ्यात. म्हणून मी सांगतो त्यातलं निम्मं उन्हासाठी आहे आणि निम्मं पावसासाठी.

सोन्यापासून सुरुवात कर, कारण त्याला वेळ लागतो. आईचे दागिने बँकेच्या लॉकरमध्ये आठवडाभर आधीच जाऊ दे. आदल्या दिवशी गेलास आणि नेमका दुसरा किंवा चौथा शनिवार निघाला तर दागिने पिशवीत घेऊन प्रवास करावा लागेल. पण लॉकरमध्ये ठेवलं म्हणजे सगळी जबाबदारी बँकेची, असं समजू नकोस. रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासूनच्या नियमाप्रमाणे चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याने केलेली फसवणूक यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या 100 पट एवढी धरली आहे. भाडं 2,000 रुपये असेल तर 2 लाख. आईच्या एकट्या पोहेहारालाही ते पुरायचे नाहीत. लॉकरमध्ये काय ठेवलंय हे बँकेला माहीत नसतं. तेव्हा प्रत्येक दागिन्याचा फोटो काढ, सराफाच्या पावत्यांचेही काढ आणि ते ताईच्या फोनवर पाठवून ठेव. घराची कागदपत्रं आणि पासबुकं सोबत ने.

आता कुलपं. पेपरात बातमी कशी असते बघ: 'कडी-कोयंडा तोडून आत प्रवेश'. कुलूप तोडलं असं क्वचित वाचायला मिळतं. बाबांनी हजार रुपयांचं कुलूप आणलंय, ठीक आहे, पण कोयंडा बघितलास का? बहुतेक दारांवर तो अर्ध्या-पाऊण इंचाच्या स्क्रूंवर असतो, आणि जुन्या लाकडात ते स्क्रू एका पहारीच्या हिसक्याला उपटून येतात. बोटाने कोयंडा हलवून बघ. जरा जरी हलला तर सुताराला बोलाव, स्क्रू काढायला सांग आणि दारातून आरपार जाणारे बोल्ट टाकून आतून नट आवळून घे. पाव तासाचं काम आहे. दारात आतलं लॅच असेल तर तेच लाव. बाहेर लोंबणारं मोठं कुलूप घरात कोणी नाही हे गल्लीभर सांगत बसतं.

आणि गच्चीचं दार विसरू नकोस. उन्हाळ्यात आपल्याकडे अख्खी गल्ली गच्चीवर झोपते, गच्च्या एकमेकींना लागून, मधला कठडा कमरेएवढा. जिन्याच्या त्या पत्र्याच्या दाराला तुमच्याकडे नुसती कडी आहे, मी पाहिलंय. तिथे आतून अडसर लाव. गच्चीवर गेलाच आहेस तर पाणी उतरायच्या पाइपाचं तोंड मोकळं कर. निंबाचा पाला तिथे अडकला की पहिल्या मोठ्या पावसात गच्चीवर तळं साचतं आणि ते छतातून खाली झिरपतं. टाकीचं झाकण तारेने बांध.

पाण्याचं सर्वात मोठं दुखणं म्हणजे उघडी राहिलेली तोटी. आपल्याकडे नळ दिवसाआड, कधी त्याहूनही उशिरा. तोटी फिरवून बघितली, पाणी नाही, तशीच सोडली आणि माणसं गावाला गेली, की पाणी येईल त्या दिवशी घरात नदी. म्हणून एकेक तोटी तपासत बसण्यापेक्षा मीटरजवळचा मेन कॉक बंद कर आणि टाकीखालचाही. मोरीच्या जाळीखालच्या वाकड्या पाइपात जे पाणी साठून असतं, ते गटाराची घाण आणि झुरळं अडवतं. आपल्या उन्हात ते आटतं. निघताना तिथे तांब्याभर पाणी ओत, वर दोन चमचे गोडेतेल सोड आणि जाळीवर प्लास्टिक टाकून त्यावर वीट ठेव. तेलाच्या थरामुळे पाणी उशिरा आटतं. संडासाचं झाकणही लावून टाक.

कूलर नुसता रिकामा करून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन् महिने जिवंत राहतात. कूलर खिडकीबाहेर, जूनमध्ये त्यात पावसाचं पाणी पडलं की अळ्या तयार. ब्रशने खरवडून धू, वाळू दे आणि वरून ताडपत्री बांध.

विजेत क्रम चुकला की नुकसान होतं. आपल्याच गल्लीत एकाने निघताना मेन स्विच पाडला आणि निवांत गेला. इन्व्हर्टरला वाटलं लाइट गेली. आतल्या खोलीतला पंखा सुरू राहिला होता, तो इन्व्हर्टरवर फिरत राहिला. 150 एएचची बॅटरी, 75 वॅटचा पंखा, दिवसभरात बॅटरी रिकामी झाली. त्यानंतर दोन महिने ती तशीच पडून राहिली, आणि आल्यावर चार्जिंगच धरेना. रिकामी पडलेली बॅटरी आतून अशीच मरते. तू आदल्या दिवशी बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भर आणि रात्रभर पूर्ण चार्ज होऊ दे. सकाळी आधी इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद कर, मग त्याचा प्लग काढ आणि शेवटी मेन पाड.

मेन पाडायचा म्हणजे फ्रीजही बंद, म्हणून फ्रीजचं काम दोन दिवस आधी सुरू होतं. दूध, भाज्या, बर्फाच्या कप्प्यातलं सगळं संपव किंवा वाटून टाक. बर्फ वितळू दे, सोड्याच्या पाण्याने पूस, मागच्या ट्रेमधलं पाणी ओत. मग दार लागू नये म्हणून मध्ये टॉवेलची गुंडाळी अडकव. बंद दाराच्या फ्रीजमध्ये बुरशीचा जो वास धरतो तो दिवाळीपर्यंत जात नाही. कळण्याचं पीठ ठेवू नकोस, त्यात अळ्या होणारच. आईच्या कुरडया आणि बिबड्या मात्र उन्हात वाळवून घट्ट डब्यात भरल्यास की पावसाळा काढतात. कांदे-बटाटे शेजारी दे. गॅसचा रेग्युलेटर नुसता बंद करू नकोस, काढून ठेव आणि सिलिंडरवर टोपी बसव.

किल्लीचा एक जुडगा तुझ्याकडे, दुसरा माझ्याकडे. तुळशीवृंदावनात, मीटरच्या पेटीत किंवा चपलांच्या रॅकमध्ये ठेवू नकोस. चोर पहिल्यांदा तिथेच हात घालतात. जुडग्याला नाव-पत्ता बांधू नकोस, लाल दोरा पुरे. कपाटाची किल्ली मला देऊ नकोस, मला ती लागणार नाही. फाटकाची आणि पुढच्या दाराची तेवढी दे. पोलीस ठाण्यातही घर बंद असल्याचं सांगून ये.

किल्ली द्यायला येशील तेव्हा मला सोबत घेऊन चल आणि मेन कॉक कुठे आहे ते दाखव. तुमच्या घरात तो जिन्याखाली आहे की मागच्या बोळात, हे पाणी वाहत असताना शोधायची पाळी माझ्यावर नको.

तुझा,
काका