मुलाखतीनंतरचं पत्र: सोबत एक पान आणि प्रकाशनांची यादी

*ताई, मी रत्नागिरीची. पीएच.डी. भाट्याच्या खाडीतल्या कालवांवर केली. काल उत्तर जर्मनीतल्या एका प्रयोगशाळेत पोस्टडॉकसाठी ऑनलाइन मुलाखत झाली. शेवटी प्राध्यापक म्हणाले, छोटं संशोधन निवेदन आणि प्रकाशनांची यादी पाठवा. एका प्रश्नाला मी अडखळले: पावसाळ्यात क्षारता आणि तापमान एकत्रच बदलतात, मग परिणाम क्षारतेचाच हे कशावरून? पत्रात काय लिहू? माझा एकच पेपर छापून आलाय, दुसरा दुरुस्तीसाठी परत आलाय, तिसरा अर्धा लिहिलाय.*

पत्र आजच पाठव. उन्हाळ्यात जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते, हिवाळ्यात साडेचार. त्यामुळे तू सकाळी अकराला पाठवलंस, तर ते कामावर बसायच्या आधीच पोचलेलं असेल. नवा मेल सुरू करू नकोस. मुलाखतीचं बोलावणं ज्या मेलमधून आलं त्यालाच उत्तर दे आणि त्यात आधीपासून ज्यांना प्रत होती त्यांना तशीच राहू दे. समितीतल्या प्रत्येकाला वेगवेगळं लिहायची गरज नाही.

सुरुवात 'डिअर प्रोफेसर' आणि आडनाव, एवढीच. आपल्याकडच्या अर्जांतलं 'रिस्पेक्टेड सर' आणि 'काइंडली डू द नीडफुल' तिथे कोणाला कळत नाही. पत्र दीडशे शब्दांच्या आत ठेव: आभाराची एक ओळ, मागितलेली कागदपत्रं जोडल्याची एक ओळ आणि मग अडखळलेल्या प्रश्नाबद्दल तीन-चार वाक्यं. या पत्राचं खरं काम त्या तीन-चार वाक्यांत आहे. 'मी घाबरले होते' असं लिहू नकोस. 'तुमच्या प्रश्नाचा नंतर विचार केला, नेमकं उत्तर असं' म्हणून थेट उत्तराला हात घाल.

उत्तर तुझ्याकडे आहे, फक्त मांडायचं राहिलंय. खाडीतल्या नमुन्यांवरून क्षारता आणि तापमान वेगळे काढता येत नाहीत हे आधी कबूल कर. जूनमध्ये पाणी गोडं होतं तेव्हाच ते गढूळ होतं, थंड होतं, कालवांचं खाद्यही बदलतं. म्हणून पुढची पायरी टाक्यांमधल्या प्रयोगाची. समजा क्षारतेच्या तीन पातळ्या, 30, 15 आणि 5, आणि तापमानाच्या दोन. सहा जोड्या झाल्या, प्रत्येक जोडीला चार स्वतंत्र टाक्या, म्हणजे 24 टाक्या. एका टाकीत वीस कालवं ठेवलीस तरी मोजणीत ती टाकी एकच धरायची, कारण त्या सगळ्यांना एकच पाणी मिळालेलं असतं. हे शेवटचं वाक्य नक्की लिही. प्राण्यांची संख्या हीच नमुन्यांची संख्या समजणं ही चूक परीक्षक लगेच हेरतात, आणि तू ती करणार नाहीस हे त्यांना एका वाक्यात कळेल.

आता निवेदन. 'छोटं' म्हणाले म्हणजे एक पान, फार तर दीड. 'कोकणच्या समृद्ध सागरी जैवविविधतेत' अशी सुरुवात केलीस तर पहिला परिच्छेद वायाच जाईल. प्रश्नापासून सुरू कर: वर्षातले काही महिने पाणी जवळजवळ गोडं होतं, अशा खाडीत कालव जगतं कसं? मग काय मोजलंस, किती ठिकाणी, किती पावसाळे, आणि काय सापडलं ते एका आकड्यासह. आकडा तुझाच हवा, आणि छापून न आलेला असेल तर तसं स्पष्ट लिही.

सगळ्यात जास्त विचार कर तो तुझं काम त्यांच्या कामाला जोडणाऱ्या परिच्छेदावर. मी मूळची देवगडची आणि आता बाल्टिक समुद्राकाठच्या कीलमध्ये राहते, म्हणून दोन्हीकडचं पाणी मला माहीत आहे. खुल्या समुद्राची क्षारता साधारण 35 असते. इथे कीलजवळ ती साधारण निम्म्यावर येते आणि फिनलंडच्या बाजूला गेलं की पाच-सहापर्यंत उतरते. इथले शिंपले कमी क्षारतेत कायमचे राहतात. आपल्या कालवांना दर वर्षी पावसाळ्यात धक्का बसतो आणि ऑक्टोबरनंतर त्यातून सुटका होते. कायमचा ताण आणि हंगामी ताण यांत प्राण्याचं शरीर वेगळं वागतं का, हा प्रश्न त्यांच्या प्रयोगशाळेतही चालेल आणि तो विचारायला भाट्याच्या खाडीत दिवस काढलेलं माणूसच लागेल. निवेदनाचा कणा तोच कर. शेवटच्या दोन ओळींत तुला अजून काय येत नाही आणि तिथे काय शिकायचंय ते लिही, उदाहरणार्थ जनुकांच्या पातळीवरचं काम.

यादीत खरेपणाला तडजोड नाही. माझी चूक सांगते. एका मुलाखतीनंतर मी दुरुस्तीसाठी परत आलेला पेपर 'स्वीकृत' म्हणून लिहिला, कारण संपादकांचं पत्र गोड होतं. प्राध्यापकांनी सरळ विचारलं, 'स्वीकृतीची तारीख कोणती?' माझ्याकडे ती नव्हती. ती जागा गेली, आणि ते विचारतानाचा त्यांचा आवाज मला अजून आठवतो.

म्हणून तुझ्या यादीत दोन गट कर. छापून आलेला पेपर वर, सगळ्या लेखकांची नावं मूळ क्रमाने, तुझं नाव ठळक, डीओआयसह. पीडीएफ झाल्यावर तो दुवा स्वतः दाबून बघ. दुसरा पेपर 'दुरुस्ती सुरू आहे' या गटात, इंग्रजीत 'अंडर रिव्हिजन'. ज्या मासिकाने अजून घेतला नाही त्याचं नाव द्यायचं कारण नाही. अर्धा पेपर यादीत घालू नकोस, त्याचा उल्लेख निवेदनात एका वाक्यात येऊ दे. परिषदांतली पोस्टरं असतील तर शेवटी वेगळ्या शीर्षकाखाली, पेपरांत मिसळून नव्हे. न छापलेल्या कामाचा आकडा किंवा मसुदा पाठवण्याआधी गाइडला आणि सहलेखकांना विचारायलाच हवं.

आपल्याकडची एक खास अडचण नावाची. एका पेपरात वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, दुसऱ्यात नुसतं आडनाव, पदवीवर आडनाव आधी. शोधणाऱ्याला ही दोन माणसं वाटतात. नाव एका रूपात ठरव, यादीच्या वर ऑर्किड क्रमांक दे आणि ते पान अद्ययावत आहे ना हे पाहा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर एका ओळीत तसं सांग. पेपर एकच असेल तर लाजू नकोस. त्याखाली दोन ओळी लिही: नमुने कोणी गोळा केले, विश्लेषण कोणी केलं, लिखाण कोणाचं. तीन पेपरांच्या नुसत्या नावांपेक्षा त्या ओळींवरून प्राध्यापकांना तुझं काम जास्त कळेल.

दोन्ही कागद पीडीएफमध्ये दे. फाइलची नावं अशी ठेव, `Surname` च्या जागी तुझं आडनाव:

```
Surname_ResearchStatement.pdf
Surname_Publications.pdf
```

`final_new2.pdf` असलं नाव चार दिवसांनी त्यांच्या संगणकावर त्यांनाच सापडत नाही.

या पत्राने निवड उलटेल असं मी म्हणणार नाही. समितीचं मत बरंचसं मुलाखतीतच बनतं, पण दोन उमेदवार जवळजवळ सारखे असतील तर असं पत्र हाताशी येतं. नंतरची शांतता लांबते. सरकारी पैशावरच्या संस्थेत प्राध्यापकांनी नाव ठरवलं तरी कागद प्रशासन आणि कर्मचारी मंडळाकडून फिरून येतात. त्यांनी निर्णयाची तारीख सांगितली असेल तर ती उलटून आठवडा जाऊ दे, नसेल सांगितली तर तीन आठवडे, आणि मग दोन ओळींत एकदाच विचार. त्याआधी लिहायला एकच कारण पुरेसं आहे: दुसरा पेपर खरोखर स्वीकारला गेला. त्या दिवशी नवी यादी जोडून लगेच पाठव, आणि त्या वेळी स्वीकृतीची तारीख तुझ्याकडे असेल.