गृहकर्जाचे सुरुवातीचे हप्ते व्याजातच का जातात?

प्रश्न: पाथर्डी फाट्याला फ्लॅट घेतला. ३० लाखांचं कर्ज, ९ टक्के, २० वर्षं, हप्ता २६,९९२. वर्षभरात सव्वातीन लाख भरले आणि मुद्दल जेमतेम ५६ हजारांनी कमी झालं. बँक आधी सगळं व्याज वसूल करून घेते का? बोनस धरून एक लाख जमलेत, ते भरू का?

उत्तर: नाही, व्याज आधी वसूल करून घ्यायचा असा कुठलाही नियम नाही. घटत्या शिलकीच्या कर्जात बँक दर महिन्याला एकच गोष्ट बघते: आज किती मुद्दल बाकी आहे. तेवढ्यावर एका महिन्याचं व्याज लावते, हप्त्यातून ते वजा करते आणि उरलेले पैसे मुद्दलात टाकते.

तुमचाच हिशेब घ्या. वर्षाला ९ टक्के म्हणजे महिन्याला पाऊण टक्का. ३० लाखांवर पाऊण टक्का म्हणजे २२,५००. हप्ता २६,९९२, म्हणून पहिल्या महिन्यात मुद्दलात गेले फक्त ४,४९२. दुसऱ्या महिन्यात व्याज लागतं २९,९५,५०८ रुपयांवर, म्हणजे २२,४६६. व्याज ३४ रुपयांनी उतरलं, तेवढीच मुद्दलाची बाजू चढली. हप्ता बदलत नाही, आतली वाटणी मात्र दर महिन्याला थोडी थोडी सरकत राहते. सुरुवातीला ती इतकी हळू सरकते की तुमच्या कर्जात मुद्दलाचा वाटा व्याजापेक्षा मोठा व्हायला १४९वा हप्ता उजाडतो, आणि निम्मं कर्ज फिटायला तब्बल १४ वर्षं लागतात.

खरं कारण मुदतीत आहे. हेच कर्ज १० वर्षांचं असतं, तर हप्ता साधारण ३८,००० आला असता. पहिल्या महिन्याचं व्याज तेव्हाही २२,५००च, कारण बाकी तीच. पण मुद्दलात साडेपंधरा हजार गेले असते, आताच्या तिपटीहून जास्त. हप्ता झेपावा म्हणून मुदत लांबवली की कात्री मुद्दलाच्या वाट्यालाच लागते. व्याजाला तर हात लावताच येत नाही.

आता तुमचे एक लाख. जास्तीची रक्कम थेट मुद्दलातून वजा होते, म्हणून ती लवकर भरण्यात फायदा आहे. आज तुमची बाकी २९,४३,८१९ आहे आणि २२८ हप्ते उरलेत. एक लाख भरून हप्ता तोच ठेवलात, तर २०९ हप्ते उरतील. १९ हप्ते वाचले, म्हणजे पाच लाख तेरा हजारांच्या आसपास. भरलेले एक लाख वजा केले तरी चार लाखांहून जास्त व्याज वाचतं. हेच एक लाख बारा वर्षं संपल्यावर भरले असते, तर सात-साडेसात हप्तेच वाचले असते आणि निव्वळ फायदा एक लाखाच्या आसपास राहिला असता. त्यामुळे हाताशी पाच-सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल, तर जरूर भरा. दर फ्लोटिंग असेल, तर व्यक्तीच्या नावावरच्या गृहकर्जाला मुदतपूर्व भरण्याचा दंड लावता येत नाही.

घोळ होतो तो भरण्याच्या पद्धतीत. नुसते पैसे कर्जखात्यात टाकले, तर काही ठिकाणी ते पुढच्या हप्त्यांचे आगाऊ पैसे म्हणून पडून राहतात. म्हणून शाखेत लेखी अर्ज द्या: 'ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी.' हप्ता कमी करायचा पर्यायही देतात. महिन्याची ओढाताण असेल तर तो घ्या, पण त्यात व्याजाची बचत बरीच कमी होते.

दर वाढला की मुदतीकडे लक्ष ठेवा. तुमचा दर उद्या १० टक्के झाला आणि हप्ता तोच राहिला, तर उरलेले २२८ हप्ते २८९ होतात. पाच वर्षं वाढतात आणि खात्यातून जाणारी रक्कम तीच असल्यामुळे पत्ताही लागत नाही. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२३च्या सूचनेनुसार अशा वेळी हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, ही निवड कर्जदाराला द्यावी लागते. झेपत असेल तर हप्ता वाढवून घ्या.

पैसे भरल्यावर पुढच्या महिन्याचं स्टेटमेंट काढून व्याजाचा आकडा बघा. एक लाखावर पाऊण टक्का म्हणजे ७५०. व्याज २२,०७९च्या जागी २१,३२९च्या आसपास दिसायला हवं. बँक दिवसावर व्याज मोजत असेल आणि महिन्याच्या मध्येच पैसे भरले असतील, तर पहिल्या महिन्यात फरक कमी दिसेल, दुसऱ्या महिन्यात पूर्ण दिसेल. दोन्ही महिन्यांत काहीच फरक नसेल, तर रक्कम मुद्दलात गेलेली नाही. अर्जाची पोच घेऊन त्याच आठवड्यात शाखेत जा.