फोटोत नसलेली भावजय

*माझ्या धाकट्या भावाचे लग्न दहा दिवसांवर आले आहे. संध्याकाळी विजापूर रस्त्यावरच्या एका लॉनवर स्वागत समारंभ आहे आणि कार्यक्रम आखणाऱ्यांनी यादीत ‘बहिणीचा टोस्ट, दोन मिनिटे’ असे लिहिले आहे. मी चार फुलस्केप पाने लिहून काढली आहेत. त्यात भावाचे लहानपण, त्याचे किस्से, दोन चारोळ्या आणि शेवटी ‘सून नव्हे, आमची लेक’ असे आहे. सगळ्या काका-मामांची नावे यावीत, असे आईचे म्हणणे आहे. होणारी भावजय बार्शीची आहे. मुलगी चांगली आहे, पण माझी तिच्याशी फारशी ओळख नसल्यामुळे तिच्याविषयी काय बोलावे ते सुचत नाही. शिवाय भाषण फोटोंच्या आधी ठेवावे की नंतर, तेही कळत नाही. साखरपुड्याचे फोटो नीट आले नाहीत, कारण डीजे सुरू झाल्यावर माझा पाच वर्षांचा मुलगा घाबरला आणि ती मध्येच उठून त्याला बाहेर घेऊन गेली, त्यामुळे बऱ्याच फोटोंत ती नाहीच. चार पानांतले काय ठेवू आणि काय काढू?*
*— एक बहीण, सोलापूर*

तुमच्या चार पानांतले काहीही ठेवू नका. जे बोलायचे आहे ते तुम्ही लिहून पाठवले आहे, परंतु त्या पानांत नव्हे. फोटोग्राफरची अडचण सांगताना, एका ‘कारण’च्या पुढे, तक्रारीच्या सुरात ते लिहून तुम्ही मोकळ्या झाला आहात.

स्वतःच्या साखरपुड्यात, नवी साडी नेसून, दोन्हीकडच्या पाहुण्यांच्या नजरा आपल्यावर असताना, अजून जिचे लग्नही लागलेले नाही अशी मुलगी स्टेजवरून उठते आणि होणाऱ्या नणंदेच्या घाबरलेल्या मुलाला आवाजापासून दूर नेते. त्या वेळी त्याची आई, मावशी, आजी असे कोणी तिथे नव्हते असे नाही, पण तो घाबरल्याचे तिच्या आधी लक्षात आले, किंवा लक्षात येऊनही तिच्या आधी कोणी उठले नाही. आणि हे सगळे लिहून झाल्यावर तुम्ही म्हणता की तिच्याविषयी काय बोलावे ते सुचत नाही. बाई, मग सुचायला अजून काय व्हायला हवे होते?

मला पत्रात आणखी एक गोष्ट दिसली नाही, ती म्हणजे तुम्ही तिचे आभार मानल्याचा उल्लेख. तो कदाचित लिहायचा राहिला असेल. पण आभारच राहिले असतील, तर ही गोष्ट भाषणाच्या आधीची आहे. झाल्या प्रसंगाविषयी एक शब्दही न बोललेली नणंद जर थेट चारशे माणसांसमोर, माईकवर, त्याच प्रसंगाचे कौतुक करू लागली, तर ते कौतुक नवरीला नव्हे, पाहुण्यांना ऐकवलेले वाटते, आणि ज्या मुलीला घाबरलेले मूल एवढ्या गर्दीत दिसले तिला हेही दिसेलच. म्हणून तिला फोन करा. मोकळेपणाने आभार माना आणि मग विचारा की बाहेर नेल्यावर तुम्ही दोघांनी काय केले. ती त्याला पार्किंगमधल्या गाड्या दाखवत बसली, की त्याचे कान हातांनी झाकून धरले, की नुसतीच शेजारी बसून राहिली, हे मला माहीत नाही आणि तुम्हालाही नाही. तिने लाजून ‘काही नाही हो ताई’ असे म्हणून विषय टाळला, तर मुलाला विचारा; या वयाची मुले असल्या गोष्टी बारकाव्यांसह लक्षात ठेवतात. ते उत्तर मिळेपर्यंत कागदावर लिहू नका, कारण तुमच्या भाषणाचे मधले वाक्य तेच असणार आहे.

आता तुमच्या पानांविषयी, कारण ती टाकताना तुमचा जीव खालीवर होणार हे मला ठाऊक आहे. भावाचे लहानपण त्याच्या घरच्यांना पाठ आहे आणि बार्शीहून आलेल्यांना त्यातली माणसे माहीत नाहीत, म्हणून ते दोघांनाही ऐकवत नाही. शिवाय स्वागत जिचे करायचे ती तिथे साडेतीन पाने वाट पाहत उभी राहते. भावाच्या किस्स्यांचा शेवट बहुधा ‘आता याला तूच सांभाळ’ अशा विनोदात होतो आणि लोक हसतातही, पण आल्या दिवशी एका प्रौढ माणसाची जबाबदारी नव्या मुलीच्या गळ्यात घालण्याला स्वागत म्हणत नाहीत. काका-मामांची नावे निवेदकाला लिहून द्या. मानपान आणि टॉवेल-टोपी यांच्या वेळी ती घेतली जातातच, तेव्हा आईंचेही समाधान होईल.

‘सून नव्हे, आमची लेक’ या वाक्यावर मात्र मी थोडी थांबणार आहे, कारण ते इतके प्रेमाने म्हटले जाते की त्यातले काय बोचते हे म्हणणाऱ्याला कळत नाही. पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर तिचे आईवडील बसलेले असतील. काही तासांनी त्यांना मुलीला इथे ठेवून बार्शीच्या रस्त्याला लागायचे आहे. त्याच वेळी कोणी माईकवरून ती आजपासून आमची लेक असल्याचे जाहीर करते, तेव्हा ते टाळी वाजवतात, कारण दुसरे काही करता येत नाही. ती त्यांची लेक आहे आणि राहील. तुमच्या घरात ती तुमची भावजय म्हणून येते आहे, आणि तिला भावजय म्हणूनच चांगले वागवणे हे पुरेसे मोठे काम आहे.

मराठीत सावकाश, पाहुण्यांना समजेल असे बोलताना मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द होतात. त्यामुळे दोन मिनिटे मिळाली असली, तरी कागदावर शंभराच्या आसपासच शब्द असू द्या. उरलेला वेळ माईक हातात घेण्यात, आवाज लावून घेण्यात आणि मध्ये घसा दाटून आला तर तो मोकळा करण्यात जातो. तुमची चार फुलस्केप पाने सहा-सात मिनिटांच्या खाली संपणार नाहीत, आणि जेवणाचा वास येऊ लागलेल्या लॉनवर सहा मिनिटे कोणाचीच नसतात. मजकूर साधारण असा व्हावा. मधली जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली आहे आणि सुरुवातीला तिचे नाव घालायचे आहे.

‘…, साखरपुड्याच्या दिवशी माझा मुलगा गाण्यांच्या आवाजाला घाबरला होता. माझ्या लक्षात येण्याआधी तू स्टेजवरून उतरलीस आणि त्याचा हात धरून त्याला बाहेर घेऊन गेलीस. तिथे तू त्याला … . त्या दिवसाच्या अल्बममध्ये बऱ्याच फोटोंत माझा भाऊ एकटाच उभा आहे. बघणारे विचारतात, नवरी कुठे आहे? मी सांगते, ती माझ्या मुलाजवळ आहे. काका, काकू, तुम्ही वाढवलेली ही मुलगी आमच्या घरी येते आहे, याचा आम्हाला फार आनंद आहे. ये, तुझं मनापासून स्वागत.’

रिकाम्या जागेत तिने जे केले तेच घाला, आणि एकच गोष्ट घाला. ‘प्रेमाने समजावलंस’ असे काही घातलेत, तर सगळे भाषण सपाट होईल. ‘गाड्या मोजायला लावल्यास’ असे घातलेत, तर ती दोघे लॉनच्या शेवटच्या खुर्चीवरच्या माणसालाही दिसतील. तो रडला असेल तर ‘रडला’ म्हणू नका, ‘घाबरला’ एवढेच म्हणा, आणि त्याला उचलून स्टेजवर मुळीच आणू नका. तोही ऐकत असणार, आणि पाच वर्षांच्या माणसालाही चारचौघांत आपले हसे झालेले चालत नाही. बोलताना पाहुण्यांकडे नव्हे, तिच्याकडे पाहा. ‘काका, काकू’ म्हणताना मात्र मान वळवून तिच्या आईवडिलांकडे पाहा. ‘उपस्थित मान्यवर’ वगैरेने सुरुवात करण्याची गरज नाही.

शेवट कुठे होतो आहे हे ऐकणाऱ्यांना कळावे लागते, नाहीतर अर्धे लोक टाळी वाजवतात आणि अर्धे पुढचे वाक्य ऐकायला थांबतात. सोलापूरकरांना हे शिकवायला नको. सम्मती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या अक्षता सोहळ्याला केवढी गर्दी असते, तरी ‘सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम’ कानावर पडले की अक्षता टाकायच्या हे कोणाला सांगावे लागत नाही. तुमच्या भाषणात हे काम ‘स्वागत’ या शब्दाचे आहे. तो उच्चारला की थांबा आणि माईक निवेदकाच्या हातात द्या. त्यानंतर आठवलेली चारोळी आठवलेलीच राहू द्या.

फोटोंविषयी विचारले आहे, तर भाषण आधी ठेवा. एकदा शुभेच्छा द्यायला रांग लागली की हातात पाकीट घेतलेली माणसे नवरा-नवरीच्या पुढ्यात उभी असतात, कॅटररने झाकणे उघडलेली असतात, आणि बहिणीचे बोलणे म्हणजे सगळ्यांच्या वाटेतला अडथळा होऊन बसतो. दोघे स्टेजवर येऊन उभी राहिली, की निवेदकाने लगेच तुमचे नाव घ्यावे, असे त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. साउंडवाल्याला गाणे कमी करायला नव्हे, पूर्ण बंद करायला सांगा, आणि तुमचे झाल्यावर त्याने एकदम मोठ्या आवाजात सुरू करू नये, हेही बजावा. कारण तुम्हाला ठाऊकच आहे. माईक हनुवटीजवळ, तोंडापासून चार बोटांवर धरा. हातात सरबताचा ग्लास दिला तर तो खाली ठेवा, कारण एका हातात माईक आणि दुसऱ्या हातात कागद असणार आहे. उंचावण्याची हौस ज्यांना आहे त्यांना आपापले ग्लास उंचावू द्या.

दहा दिवसांतले शेवटचे चार हळद, बांगड्या आणि पाहुण्यांची उतरण्याची सोय यांत जातील आणि हा फोन राहून जाईल. तो आज संध्याकाळीच करा. तिची कामावरून यायची वेळ भावाला विचारून घ्या, आणि भाषणाचे मात्र त्याला काही सांगू नका.