सोसायटीला आयकराची नोटीस: सभेत मी काय सांगितलं

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या ठेवींच्या व्याजावर आयकराची नोटीस आली आहे. सभासद म्हणतात, आपण नफा कमवत नाही, मग कर कसला? सेक्रेटरी म्हणून सभेत काय सांगू?

हाच वाद आमच्या सभेत झाला होता. तेव्हा मी साधारण असं बोललो:

"मेंटेनन्स, ट्रान्सफर फी, फ्लॅट भाड्याने दिल्यावर लागणारं बिनभोगवटा शुल्क हा आपलाच पैसा आपल्यासाठी. त्यावर कर नाही. 2018 साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच म्हटलंय. पण बँक आपली सभासद नाही. तिच्याकडून मिळालेलं व्याज उत्पन्नच धरलं जातं. मात्र ठेव सहकारी बँकेत असेल, तर कलम 80पी(2)(डी)खाली त्या व्याजाची वजावट मागता येते. राष्ट्रीयीकृत बँकेच्या व्याजाला ती मिळत नाही. आपल्या सगळ्या ठेवी सहकारी बँकेतच आहेत, मग अडलं कुठे? तारखेत."

80पीची वजावट रिटर्न मुदतीत भरलं तरच मिळते. आमचं रिटर्न 2023 च्या सप्टेंबरमध्ये गेलं होतं आणि विभागाने मुदत 31 जुलै धरली. खरं तर ज्यांचं ऑडिट कोणत्याही कायद्याने सक्तीचं आहे त्यांना 31 ऑक्टोबरपर्यंत मुदत असते, आणि सोसायटीचं ऑडिट महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 81 नुसार होतंच. पण आयटीआर-5 मध्ये 'अन्य कायद्याखाली ऑडिट' या रकान्यात आमच्याकडून 'नाही' भरलं गेलं होतं. झालं! 3,20,000 रुपयांच्या व्याजाची वजावट गेली. सोसायटीला करमुक्त मर्यादा नसते. पहिल्या 10,000 वर 10 टक्के, पुढच्या 10,000 वर 20 टक्के, उरलेल्या तीन लाखांवर 30 टक्के, म्हणजे 93,000. सेस धरून 96,720, शिवाय व्याज.

वजावट नाकारण्याआधी विभाग ईमेल पाठवून उत्तराला 30 दिवस देतो. आमचा तो ईमेल आधीच्या सेक्रेटरींच्या पत्त्यावर गेला आणि तिथेच पडून राहिला. तेव्हा आजच पोर्टलवर नोंदलेला ईमेल आणि मोबाइल नंबर तपासा.

तुमच्या नोटिशीत 'प्रस्तावित फेरबदल' असं लिहिलं असेल, तर 30 दिवसांत असहमती नोंदवून ऑडिट रिपोर्ट जोडा. मागणीच आली असेल, तर 'Response to Outstanding Demand' मध्ये असहमती नोंदवा आणि रकाना दुरुस्त करून कलम 154 खाली अर्ज करा. त्याच्या निकालाची वाट बघत अपिलाचे 30 दिवस मात्र घालवू नका. आम्ही दोन्ही एकदमच केलं. दुरुस्ती मंजूर झाली आणि अपील मागे घेतलं.

सभेत एका काकांनी विचारलं, "भरून टाकू ना, कटकट कशाला?" मी म्हटलं, "काका, हाच रकाना पुढच्या वर्षीही असतो."

रिटर्न खरोखरच 31 ऑक्टोबरनंतर भरलं असेल, तर मात्र यातलं काही चालत नाही. मग उशीर माफ करून घेण्यासाठी कलम 119(2)(बी)खाली वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो मंजूर होईलच असं नाही.